मदत हवी आहे : जुन्या लोगोतील ‘भांडार’ काढून ‘दालन’ बसवल्यावर शब्द उपरा दिसतो

कुंचला_माहीम

नमस्कार मंडळी. हिंदमाता परिसरातील एका जुन्या कापड दुकानाच्या लोगोमधला एक शब्द मालकांच्याच सांगण्यावरून बदलायचा आहे. डावीकडे कमळाचे चिन्ह, त्याच्या शेजारी वरच्या ओळीत मोठ्या अक्षरांत घराण्याचे आडनाव आणि त्याखाली ‘वस्त्र भांडार’ अशी त्याची रचना आहे. खालची ओळ दोन्ही कडांना आडनावाशी बरोबर जुळते. आता ‘भांडार’च्या जागी ‘दालन’ हवे आहे, बाकी काहीही हलवायचे नाही. छापून ठेवलेल्या पिशव्या आणि खोकी संपेपर्यंत जुना आणि नवा लोगो एकाच काउंटरवर दिसणार असल्यामुळे नवा शब्द नंतर चिकटवला आहे असे कोणाला वाटता कामा नये, अशी त्यांची अट आहे.

मूळ फाईल कोरलमधली असून सगळी अक्षरे कर्व्ह केलेली आहेत. फॉन्ट ओळखू येत नाही आणि त्यावर कोणीतरी हाताने फेरफार केलेले दिसतात. मी इलस्ट्रेटरमध्ये त्यातल्या त्यात जवळचा फॉन्ट घेऊन ‘दालन’ टाइप केले आणि Create Outlines केले. शिरोरेषेच्या वरच्या कडेपासून कान्याच्या पायापर्यंतची उंची १०० एकके धरली, तर मूळ शिरोरेषा ११ आणि काना १३ एकके जाड आहे. माझ्या शब्दात हेच आकडे ९ आणि १५ येतात.

अडचणी तीन आहेत. Align पॅनेलने खालची कड जुळवली की शिरोरेषा ‘वस्त्र’च्या शिरोरेषेपेक्षा वर चढते, आणि शिरोरेषा जुळवली की ‘द’ खाली घसरल्यासारखा वाटतो. अक्षरांमधले अंतर मी सगळीकडे सारखे ठेवले आहे, तरी ‘न’ शब्दापासून सुटलेला दिसतो. शिवाय मूळ ओळ ७८० एकके रुंद होती, ती आता ७३८ भरते. या ४२ एककांचे काय करावे?

ठसा

पहिल्या दोन्ही अडचणी एकाच कारणाने आलेल्या आहेत. तुम्ही गट केलेला शब्द Align करत आहात. गट सोडून प्रत्येक अक्षर सुटे करा, बेसलाइनवर एक गाइड ओढा आणि चारही आकार तिच्यावर टेकवा. ट्रॅकिंग ‘वस्त्र’इतकेच ठेवा. रुंदीसाठी फारसा विचार करण्याची गरज नाही, शब्द आडवा ताणून ७८० करून टाका, कारण एवढी वाढ डोळ्यांना कळत नाही.

पाटीवाला_परळ

दुकानाची पाटी बदलणार असाल तर २०२२ ची कायदादुरुस्ती आधी पाहून घ्या. नाव देवनागरीत मराठीत आधी हवे आणि दुसऱ्या भाषेतील अक्षरे त्याहून मोठी चालत नाहीत. तुमच्या लोगोत इंग्रजी ओळ कुठे बसवली आहे, ते तुम्ही लिहिलेले नाही. आमच्याकडे एका गिऱ्हाइकाची पूर्ण तयार पाटी याच कारणासाठी पुन्हा करावी लागली होती.

कुंचला_माहीम

पाटीवाला, आभारी आहे, परंतु लोगोत इंग्रजी ओळ नाहीच. प्रश्न केवळ अक्षरांच्या बसवणीचा आहे.

ठसा, अक्षरे सुटी करून गाइडवर टेकवली. कान्याचा, ‘ल’चा आणि ‘न’चा पाय जुळला, मात्र ‘द’ची शेपटी गाइडवर आणली की त्याची शिरोरेषा ६ एकके वर जाते आणि शब्द मध्येच तुटतो.

अक्षरमापक

गट सोडण्याचा ठसा यांचा सल्ला बरोबर आहे, पण देवनागरीत सर्व अक्षरे खाली टेकतील अशी रेषा शोधणे व्यर्थ आहे. आपली अक्षरे शिरोरेषेला लोंबतात. खाली कान्यांचे पाय तेवढे एका उंचीवर संपतात. ‘द’ची शेपटी त्याखाली उतरते आणि ती तशीच उतरली पाहिजे. Align पॅनेल आकाराची सर्वांत खालची कड पाहते, म्हणून ते शेपटीलाच पाय समजते. तुमच्याकडे दोनच गाइड असू द्यात : एक ‘वस्त्र’च्या शिरोरेषेच्या वरच्या कडेवर आणि दुसरा ‘वस्त्र’मधील ‘व’च्या दंडाच्या पायावर. शेपटीला गाइड नको. तरीही ‘द’ घसरल्यासारखा वाटत असेल, तर मूळ लोगोतला ‘ड’ काढून त्याच्या शेजारी ठेवा. ‘ड’चे पोट जिथे संपते, साधारण त्याच उंचीवर ‘द’चे पोट यायला हवे आणि त्याच्या खाली फक्त शेपटी जावी. बहुतेक तुमच्या फॉन्टमध्ये पोटच मोठे आहे.

जाडीकडे अंतराच्या आधी पाहा, कारण जाडी बदलली की अंतर पुन्हा लावावे लागते. Offset Path ला उणे १ दिले तर १५ चा काना १३ होईल, पण ९ ची शिरोरेषा ७ वर येईल, म्हणजे मूळच्या ११ पासून आणखी लांब जाईल. यासाठी नव्या शब्दाची शिरोरेषा आधी संपूर्ण कापून टाका आणि शेवटी ११ एककांची एकच सलग पट्टी वरून घाला. काना नव्या फॉन्टचा वापरूच नका, ‘भांडार’मधलाच उचला. ‘ल’ आणि ‘न’ यांचे दंडही त्याच कान्याच्या प्रतीने बदला. जुन्या अक्षरांकनात कान्याचा पाय बऱ्याचदा किंचित तिरका कापलेला असतो, तो कापही त्याबरोबर आपोआप येतो. मग Offset Path फक्त ‘द’चे पोट, ‘ल’ची वळणे आणि ‘न’ची गाठ यांच्यापुरता उरतो. तिथेही सांभाळून वापरा. तो जाड आणि बारीक रेषांमधून सारखेच वजा करतो, त्यामुळे ७ एककांची बारीक रेषा ५ वर येते आणि अक्षर फिकट पडते. तसे दिसले तर Offset सोडून त्याच फॉन्टचे एक पायरी हलके वजन घ्या. ‘मुक्ता’सारख्या कुटुंबात सात वजने आहेत, तुमच्या फॉन्टमध्ये किती आहेत ते पाहा.

आता अंतर. ‘न’ सुटलेला दिसतो, कारण तुम्ही जवळच्या दोन बिंदूंमधले अंतर सारखे ठेवले आहे. ‘न’ची गाठ मधोमध असते आणि तिच्या वर-खाली मोकळी जागा राहते. ‘ल’च्या डाव्या बाजूला मात्र वळणे असल्यामुळे तेवढी पोकळी उरत नाही. डोळा बिंदूंमधले अंतर मोजत नाही, तो दोन दंडांच्या मधला पांढरा भाग पाहतो. त्यामुळे ‘ल’ आणि ‘न’ यांच्यातले अंतर ‘दा’ आणि ‘ल’ यांच्यातल्या अंतरापेक्षा कमी हवे. मूळ लोगोत ‘भां’चा काना आणि ‘ड’ यांच्यामध्ये किती अंतर आहे?

कुंचला_माहीम

सर्वांत जवळच्या ठिकाणी १८ एकके आहे.

अक्षरमापक

मग ‘दा’ आणि ‘ल’ यांच्यात १६ आणि ‘ल’ व ‘न’ यांच्यात १२ पासून सुरुवात करा. हे आकडे अंदाजाचे आहेत, शेवटचा निकाल डोळ्यानेच लागेल. शब्द उलटा करून पाहा, म्हणजे तो वाचला न जाता फक्त काळे-पांढरे पट्टे दिसतात आणि चुकीचे अंतर लगेच उघडे पडते.

दोन शब्दांमधल्या जागेबाबत तुम्ही विचारले नाही, परंतु उपरेपणाचे खरे कारण मला तिथेच वाटते. ‘भ’ची शिरोरेषा डाव्या कडेपासून सुरू होत नाही. आधी त्याचे वळण येते आणि मग रेषा लागते. ‘द’ची रेषा थेट कडेपासून सुरू होते. जिथे ‘भ’ची डावी कड होती तिथेच ‘द’ची कड ठेवली, तर दोन्ही शिरोरेषा अचानक जवळ आलेल्या दिसतात. तुम्ही किती जागा ठेवली आहे?

कुंचला_माहीम

मूळ जागा ३० होती. मी नजरेच्या अंदाजाने ३६ केली, तरी कमी वाटत होती. कारण आता कळले.

बोरीबंदर_छापखाना

आमच्याकडे असाच प्रकार इंग्रजी लोगोत आला होता. ‘MILLS’ काढून ‘COTTON’ घालायचे होते. तिथे सगळी अक्षरे खाली टेकतात, तरीही दोन्ही ‘O’ आणि ‘C’ रेषेच्या जरा खाली उतरवल्याशिवाय ते लहान दिसत होते. तुमच्या ‘द’लाही थोडे खाली ओढून पाहा.

अक्षरमापक

रोमन लिपीतला तो नियम इथे लागू पडत नाही, कारण ‘द’ वरून शिरोरेषेला बांधलेला आहे. त्याला खाली ओढले तर मानच लांब होईल.

ठसा

शेपटी आणि शिरोरेषेचे म्हणणे मान्य आहे. रुंदीबाबत मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे. ७३८ चे ७८० करणे म्हणजे ६ टक्क्यांहूनही कमी ताण आहे.

अक्षरमापक

तेवढ्या ताणाने १३ चा काना १४ च्या जवळ जातो आणि ११ ची शिरोरेषा मात्र तशीच राहते. एकटा शब्द असता तर कदाचित खपले असते, पण वरच्या ओळीत त्याच हाताची मोठी अक्षरे आहेत आणि जाडीचे गुणोत्तर तिथे लगेच ताडून पाहता येते. शिवाय गोल वळणे चपटी होतात, ते जाडीच्या आधी दिसते.

मी ४२ एकके वाटून घेईन. दोन्ही शब्दांची खालची ओळ सर्व बाजूंनी २ टक्के मोठी केली की जवळजवळ १५ एकके भरून निघतात आणि कान्यात नजरेला फरक पडत नाही. शब्दांमधली जागा ९ ने वाढवा, ती तशीही वाढायलाच हवी होती. उरलेली १८ ‘व’ आणि ‘स्त्र’, ‘द’ आणि काना, ‘दा’ आणि ‘ल’, ‘ल’ आणि ‘न’ या चार फटींत साडेचार-साडेचार अशी वाटा. शिरोरेषेची पट्टी हे सगळे झाल्यावरच घाला, नाहीतर ती पुन्हा कापत बसाल. ‘न’च्या पुढे ती किती बाहेर ठेवायची, हे ‘भांडार’मधल्या ‘र’वरून ठरवू नका, कारण ‘र’ दंडावर संपत नाही. ‘वस्त्र’मधला ‘त्र’ दंडावर संपतो, तिथले माप घ्या. अनुस्वार गेल्यामुळे ‘दालन’च्या वर आडनावापर्यंत थोडी पोकळी राहील. तिला हात लावू नका, ओळ वर सरकवली तर ‘वस्त्र’ही सरकेल.

ठसा

फटी वाढवल्या की ‘वस्त्र’ मूळ लोगोपेक्षा सैल दिसेल. बदल एकाच शब्दात करायचा ठरलेला असताना दुसऱ्या शब्दाला का हात लावायचा? त्यापेक्षा उजवी कड थोडी आत राहिलेली चालेल.

अक्षरमापक

हा मुद्दा खरा आहे. जुन्या पिशवीवरचे ‘वस्त्र’ नव्याच्या शेजारी ठेवले तर साडेचार एकके कदाचित कळतील. तरी कड आत राहणे मला जास्त खटकेल, कारण वरची ओळ तिथे पट्टी लावल्यासारखी संपते.

पाटीवाला_परळ

लोगो ट्रेडमार्क म्हणून नोंदलेला असेल तर १९९९ च्या कायद्यातील कलम ५९ प्रमाणे बदलासाठी अर्ज करावा लागतो आणि चिन्हाची ओळख फार बदलत नसेल तरच तो मान्य होतो. मालकांना विचारून घ्या.

कुंचला_माहीम

नोंदणीचे मालकांना विचारले आहे. आज दंड बदलून आणि शिरोरेषा नवी घालून पाहिले. ‘ल’ आणि ‘न’ यांच्यात १२ ऐवजी १३ बरे वाटले. ‘द’चे पोट खरोखरच मोठे होते, ते ‘ड’शी ताडून लहान केले. Offset ने ‘न’ची गाठ फिकी पडली, म्हणून तेवढा भाग हलक्या वजनातून घेतला. रुंदीसाठी दोन्ही प्रकार तयार करत आहे : एकात फटी वाटलेल्या आणि दुसऱ्यात ‘वस्त्र’ जसेच्या तसे ठेवून उजवी कड आत. दोन्ही व्हिजिटिंग कार्डाच्या आकारात एकाच रंगात छापून जुन्या पिशवीसह मालकांपुढे ठेवीन. फ्लेक्सवाल्याला फाईल देताना शिरोरेषेची पट्टी अक्षरांशी Unite करून द्यावी की वेगळी ठेवावी, याबद्दल कोणाचा अनुभव असल्यास कृपया लिहावे.

बोरीबंदर_छापखाना

Unite करूनच द्या. वेगळी ठेवली तर व्हिनाइल कापणाऱ्या मशीनवर पट्टी आणि अक्षर जिथे एकमेकांवर येतात तिथेही पाते फिरते आणि दंडाचा माथा सुटा कापला जातो. पट्टी वेगळी असलेली एक प्रत मात्र स्वतःकडे ठेवा.