मदत हवी आहे: नळ आणि शॉवरवरचे क्षार, क्रोमला ओरखडे न पाडता कसे काढायचे?

वाघोलीकर_मी: आमच्या सोसायटीत बोअर आणि टँकरचं पाणी, फ्लॅट घेऊन दोनच वर्षं झालीत पण नळांच्या बुडाशी पांढरा थर जमलाय आणि शॉवरची अर्धी भोकं बंद, उरलेल्यांतून पाणी भिंतीवर उडतं. मागच्या महिन्यात मावशींनी एका नळाला टॉयलेट क्लीनर लावून हिरव्या घासणीने घासलं, थर गेला पण तिथे आता ढगाळ पट्टा दिसतोय. बाकीचे नळ वाचवायचेत, काय वापरू?

सुगरण_कोथरूड: लिंबू आणि खायचा सोडा एकत्र करून लाव, मस्त फेस येतो, सगळं निघतं.

नळदुरुस्ती_२०वर्षं: ताई, लिंबू बरोबर आहे पण सोडा नको, दोघं एकमेकांनाच मारतात, फेस दिसतो आणि क्षारावर काम करायला आंबटपणा उरत नाही. शिवाय न विरघळलेला सोडा घासला की खरखरतो.

वाघोलीकर, किराणा दुकानातून लिंबूसत्व आणा. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे. शॉवर हाताने फिरवून काढा, पक्कड लागलीच तर मध्ये जाड फडकं गुंडाळा नाहीतर दातांचे वळ उठतात. अर्धा तास बुडवा, मग रबरी टोकं अंगठ्याने चोळा, आतली जाळी जुन्या टूथब्रशने. नळाला तेच पाणी भिजवलेलं सुती फडकं गुंडाळा, वरून पिशवी आणि रबरबँड, वीस मिनिटांनी काढून भरपूर पाण्याने धुवा आणि कोरडं पुसा. थर उरला तर परत वीस मिनिटं, पण रात्रभर ठेवायचं नाही, कुठे मुलामा उडालेला असेल तर आम्ल त्यातून खालच्या धातूपर्यंत जातं. आणि त्याच दिवशी ब्लीचवालं काही तिथे लावू नका, विषारी वायू होतो.

बाणेर_निनाद: माझ्या गीझरच्या कॉइलवर पण असंच साचतं, त्याला पण हेच चालेल का?

नळदुरुस्ती_२०वर्षं: गीझर वेगळा धागा काढा, त्यात वीज आहे.

वाघोलीकर_मी: शॉवर झाला! बुडवल्या बुडवल्या बुडबुडे यायला लागले, पाणी गढूळ झालं, आता धारा सरळ पडतात. नळही तीनपैकी दोन चकचकीत. पण त्या ढगाळ पट्ट्यावर थेंब टाकला तर एकही बुडबुडा नाही.

नळदुरुस्ती_२०वर्षं: मग तो बहुतेक क्षार नाही, टॉयलेट क्लीनरमधल्या तेजाबाने क्रोमच खाल्लंय किंवा घासणीने चरे पडलेत. त्याला आता आंबट काहीच लावू नका. दिवसाच्या उजेडात जवळून फोटो टाका, एकाच दिशेच्या रेषा असतील तर चरे, नुसता मळकटपणा असेल तर आम्ल.

सुगरण_कोथरूड: मी पांढरी टूथपेस्ट लावते बाई, माझा नळ तरी चमकला.

वाघोलीकर_मी: फोटो उद्या सकाळी टाकते, बाथरूममध्ये आत्ता ट्यूबखाली रेषाच कळत नाहीयेत.