मदत हवी आहे: रॅम मधेच थांबते, कोड चुकलाय की स्टिक खराब?

सोलापुरी_पोरगं: प्रोजेक्टसाठी रॅमचा लेटन्सी मोजतोय, एकाच पत्त्यावरून पुन्हा पुन्हा वाचायचं आणि वेळ नोंदवायची, बाकी सगळं ठीक, नव्वदेक नॅनोसेकंद येतात पण मधेच साडेतीनशे-चारशेची उसळी येते. सर म्हणतात कोड चुकलाय. उद्या दाखवायचंय, लवकर सांगा.

माग_वाला: काड्या काढून खोडरबरनं घासा. आमच्या कारखान्यातलं मशीन मे महिन्यात हँग व्हायचं, असंच बरं झालं.

बिटबाई: घासू नका काही. कुठली रॅम? मधे `clflush` आहे का, की कॅशमधूनच वाचताय? आणि दोन उसळ्यांत अंतर किती?

सोलापुरी_पोरगं: `clflush` आहे हो, ते तर असणारच ना. डीडीआर४, ८ जीबीची एकच स्टिक, ८ गिगाबिटच्या चिपा. अंतर बघितलं, बहुतेक ७.८ मायक्रोसेकंद!!

बिटबाई: मग कोड बरोबर आहे, तुम्ही रिफ्रेशच मोजलाय. एक बिट म्हणजे इवल्याशा कपॅसिटरवरचा चार्ज, ट्रान्झिस्टर बंद असला तरी तो झिरपत राहतो. बहुतेक सेल सेकंदभरही टिकतात, पण मोजके कमजोर असतात आणि त्यांच्यापायी सगळ्यांना ६४ मिलिसेकंदांच्या आत ताजं करावं लागतं. कंट्रोलर तेवढ्यात ८१९२ रिफ्रेश कमांड देतो, भागून बघा, ७.८च येतं. तुमच्या चिपेत एका कमांडला ३५० नॅनोसेकंद लागतात, तेवढा वेळ सगळ्या बँका बंद. तुमची रिक्वेस्ट त्यात सापडली की दारात उभी. ३५० भागिले ७८००, म्हणजे साडेचार टक्के वेळ गेलाच.

जुना_प्रोसेसर: पण वाचलं की ओळ आपोआप ताजी होते की! मग सतत वाचत राहिलं तर रिफ्रेशची गरजच काय?

बिटबाई: निम्मं बरोबर. वाचताना सेलचा चार्ज सांडतोच, म्हणून सेन्स अँप्लिफायर ओळ परत भरतो, रिफ्रेशही तेच करतो. पण हा एकच पत्ता वाचतोय, बाकीच्या लाखो ओळी कोण वाचणार? कंट्रोलर कोणती ओळ वाचली याचा हिशोब ठेवत नाही, सरसकट सगळ्या फिरवतो.

जुना_प्रोसेसर: मोबाईलच्या रॅममध्ये एकेक बँक रिफ्रेश होते, बाकी चालू राहतात. सगळं बंद होतं असं नाही.

बिटबाई: हो, मोबाईलच्या. साध्या डीडीआर४मध्ये सगळ्या एकदम.

माग_वाला: एसएसडी टाकली तर जाईल का हे?

सोलापुरी_पोरगं: दादा, एसएसडीचा काय संबंध. ताई, कधी ७.८ला उसळी येतच नाही आणि मग लागोपाठ दोन-तीन येतात, ते काय?

बिटबाई: डीडीआर४मध्ये आठपर्यंत कमांड पुढे ढकलता येतात, गर्दी असली की कंट्रोलर उधारी ठेवतो आणि नंतर फेडतो. तेच असावं, पण इंटरप्टही असू शकतो, एका कोअरवर बांधून परत मोजा. आणि चिप ८५ अंशांवर गेली की मुदत निम्मी होते, मग अंतर ३.९ दिसायला हवं.

माग_वाला: आमच्याकडं पत्र्याखाली मशीन आहे, ते ८५ला जाईल काय?

सोलापुरी_पोरगं: दुपारी हेअर ड्रायर मारून बघू का?

बिटबाई: स्टिक कॉलेजची असेल तर नको.