८०५१: बटण सोडलं तरी दाबलेलंच वाचलं जातंय, काय करू?

सायली_प
AT89S52 आहे. P1.0 ते P1.3 वर चार बटणं, त्यांची दुसरी टोकं ग्राउंडला. P1.4 ते P1.7 वर एलईडी. रीसेटनंतर सगळं नीट चालतं. पण बटण दाबलेलं असताना एलईडी पालटला, की बटण सोडूनही ते दाबलेलंच दिसतं. बटणही बदलून पाहिलं. कोड असा:

```c
x = P1;
x ^= 0x10;
P1 = x;
```

विनायक_७२
बाहेरून १० केचा पुल-अप लाव. आतला फार अशक्त असतो. P0 वर मला हाच त्रास झाला होता, पुल-अपनेच सुटला.

सायली_प
लावला काका, फरक नाही. बटण सोडल्यावरही मीटर पिनवर जवळपास शून्य व्होल्ट दाखवतो.

जुना_सोल्डर
विनायकराव, P0 ला आतून पुल-अप नसतोच, म्हणून तिथे तो लागला. इथे दुखणं वेगळं आहे.

८०५१ मध्ये पिनची दिशा ठरवणारं रजिस्टर नाही. लॅचमध्ये ० असला की आतला ट्रान्झिस्टर पिन ग्राउंडला धरून ठेवतो, आणि तू पिन वाचतेस म्हणून तो सोडत नाही. १० केमधून येणारा अर्धा मिलिअँपिअर तो सहज गिळतो. लॅचमध्ये १ असेल तरच तो बंद होतो, आणि पिन वर न्यायला आतला अशक्त पुल-अप उरतो. मग बटण तिला खाली ओढू शकतं. रीसेट सगळ्या लॅचमध्ये १ भरतो, म्हणून सुरुवात चांगली होते.

आता तुझा कोड बघ. एलईडी बंद, पहिलं बटण दाबलेलं, म्हणजे x झाला 0xFE. पालटून 0xEE. तोच तू P1 वर लिहिलास, आणि बटणाचा ० लॅचमध्ये गेला. आता बटण चिपनेच दाबून धरलंय.

एलईडींची स्थिती वेगळी ठेव, बटणांच्या जागी कायम १ लिही:

```c
leds ^= 0x10;
P1 = leds | 0x0F;
```

मंदार_एव्हीआर
आमच्याकडे DDR एकदा लिहिला की झालं. पण सायली, नुसतं `P1 ^= 0x10;` लिहिलंस तरी चालेल ना? XRL लॅच वाचतो, पिन नाही.

जुना_सोल्डर
चालेल, कंपायलरने खरंच XRL दिला तर. लिस्टिंग फाइल उघडून बघावी. MOV ने A मध्ये घेतलं, तर वाचली जाते पिनच.

किरण_रोबो
माझ्या P3.4 वर सेन्सर आहे, आउटपुट स्वतःच वर-खाली करणारं. कायम ०. सेन्सर जळला असेल?

जुना_सोल्डर
आधी तिथे १ लिहून बघ. लॅच ० असताना सेन्सर वर ओढत असेल, तर दोघांची झुंज चालू आहे. मध्ये १ के टाक, म्हणजे फार तर ५ मिलिअँपिअर वाहतील. फार मोठा रोध मात्र नको. पिन खाली येताना आतला पुल-अप काहीशे मायक्रोअँपिअर सोडतो, तेवढ्याने रोधावर व्होल्टेज पडून ० नीट पोचत नाही.

सायली_प
चाललं! आता बटण सोडलं की मीटरवर ४.९. पण `main` च्या सुरुवातीला एकदाच १ लिहिलं तर पुरतं का?

मंदार_एव्हीआर
पुरतं की. सारखं लिहायची गरज काय?

जुना_सोल्डर
इंटरप्टमध्ये कोणी अख्खा P1 लिहीत नसेल, तरच. मी दर वाचनाआधी लिहितो.