स्नॉर्केलिंग आणि जेवण: फक्त पॅकेज ठेवावं की सुटंही द्यावं?

तारकर्लीकर: घरगुती राहण्याची सोय आहे. पाहुण्यांना स्नॉर्केलिंग आणि दोन वेळचं मासळीचं जेवण देतो. दोन्ही मला माणशी ३००-३०० ला पडतं. फक्त पॅकेज ठेवू की सुटंही देऊ?

खाडीकाठ: फक्त पॅकेज. कोणाला पाणी आवडतं, कोणाला सुरमई, पण बेरीज केली की प्रत्येकाची तयारी हजाराच्या आसपासच येते. हजार लावा, कोणी परत जाणार नाही. सुट्याला रोज घासाघीस.

हिशेबनीस: बेरजेचं पटलं, पण खर्च विसरलात. चार पाहुणे धरा. शाकाहारी तरुण स्नॉर्केलिंगला ९०० देईल, जेवणाला फार तर १००, कारण त्याला भात नि सोलकढीच खायची. पाण्याला घाबरणाऱ्या आजोबांचं नेमकं उलट. उरलेल्यांत एक स्नॉर्केलिंगला ६००, जेवणाला ५००. दुसरा ५०० आणि ६००.

फक्त पॅकेज, हजाराला: चौघेही घेतात, माणशी ४०० सुटतात, एकूण १६००. आता पॅकेज ११०० आणि सुटं ९०० करा. तरुण आणि आजोबा आपापलं सुटं घेतात, सुटले ६००-६००. मधले दोघे पॅकेज घेतात, ५००-५००. झाले २२००. त्या तरुणापुढे ३०० चं ताट ठेवून तुम्हाला त्याच्याकडून १०० च जास्त मिळत होते. आजोबांच्या बोटीचंही तेच.

हापूसवाली: आम्हीही दोन पेट्या घेतल्या तर दर कमी करतो. फायदाच होतो.

हिशेबनीस: ताई, ती एकाच मालावरची घाऊक सूट. इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आवड उलटसुलट आहे.

खाडीकाठ: सुट्याला ९०० ऐकून पाहुणा म्हणेल, लुबाडतात. ५५० ठेवा.

हिशेबनीस: मग मधले दोघेही पॅकेज सोडतील, कारण ६०० ची वस्तू ५५० ला मिळते. चौघांकडून एकेकच वस्तू, माणशी २५०, एकूण १०००. तुमच्या नुसत्या पॅकेजपेक्षाही वाईट! पॅकेज घेणारे सुट्याकडे सरकू लागले की समजा, सुटं स्वस्त झालंय.

खाडीकाठ: आणि बोट आपलीच, जागा रिकामीच जात असेल तर? तिथे कसला खर्च?

हिशेबनीस: तिथे तुमचं म्हणणं टिकतं. दोन्हींचा खर्च शून्य धरला तर दोन्ही पद्धतींनी ४००० च येतात, मग एकच दर सोपा. पण मासळी फुकट येत नाही.

तारकर्लीकर: तीच तर अडचण. मासळी सकाळी घ्यावी लागते आणि जेवणार किती ते दुपारपर्यंत कळत नाही. सुटं ठेवलं नि दोघांनी ऐनवेळी नको म्हटलं तर उरलेली सुरमई कोणाच्या हिशेबात धरू?

हापूसवाली: आदल्या रात्री विचारून ठेवा ना, आगाऊ पैसे घेऊन.

खाडीकाठ: आगाऊ पैसे मागितले की अर्धे पाहुणे रस्त्यावरच्या खानावळीत जेवतात. बघितलंय मी.