फुटलंच नव्हतं, तर रात्री अकराला कापलं काहून?

वणीचा_मामा
भाच्याच्या (वय ९) पोटात शनिवारी दुखलं. तालुक्याले सोनोग्राफी केली. रिपोर्टात अपेंडिक्स ८.४ मिमी, दाबल्यावर दबत नाही. सर्जन म्हणे आजच करा. रात्री अकराला ऑपरेशन झालं अन् मंग तोच सर्जन सांगते का फुटलं नव्हतं, बरं झालं. आता मले सांगा, फुटलंच नव्हतं तर एवढी घाई काहून? संध्याकाळी तर पोट्ट्याचं दुखणं कमी झालं होतं. गोळ्या देऊन दोन दिवस पाहता आलं असतं. खेड्यातल्या माणसाले भेव दाखवून बिल काढायचा धंदा हाय हा.

प्रोबवाला
मामा, मी उत्तर देणार नव्हतो, पण खाली चाळीस जणांनी अंगठे दाखवलेले पाहिले आणि राहवलं नाही. मी तालुक्याच्या गावी सोनोग्राफी करतो. तुमच्या भाच्याची मी केलेली नाही.

रिपोर्टातल्या ८.४ कडे तुम्ही पाहिलं, पुढच्या तीन शब्दांकडे पाहिलं नाही. आकड्यानं एकट्यानं काही ठरत नाही. सहा मिलिमीटरच्या वर गेलं की आम्ही थांबून बघतो, पण धडधाकट पोरांतही साडेसहा-सात मिमीचं अपेंडिक्स निघतं, कारण त्या वयात त्याच्या भिंतीतल्या गाठी मोठ्याच असतात. म्हणून प्रोब ठेवून हळूहळू दाबायचं. झटक्यात दाबलं तर पोरगं पोट आवळून घेतं आणि काहीच दिसत नाही. हळू दाबलं की आतड्यातला गॅस बाजूला सरकतो, आतडी चपटी होतात आणि मागचा स्नायू, मांडीकडे जाणारी रक्तवाहिनी दिसायला लागते. निरोगी अपेंडिक्सही असंच चपटं होतं. सुजलेलं होत नाही. सगळं दबतं आणि मधे एक गोल नळी तशीच्या तशी उभी राहते, एका टोकाला बंद, आतड्यासारखी हालचाल नाही.

ती दबत नाही कारण तिचं तोंड बंद झालेलं असतं. तोंडाशी मळाचा वाळलेला खडा अडकतो, नाहीतर तिथल्या गाठी सुजतात. आतला चिकट स्राव थांबत नाही, जंतू वाढतात आणि आतला दाब चढत जातो. आधी अशुद्ध रक्त परत नेणाऱ्या शिरा दबतात. धमनी अजून रक्त आणत असते, म्हणून भिंत आणखी सुजते. शेवटी धमनीही दबते. अपेंडिक्सला रक्त देणारी धमनी एकच, शेजारून मदत नाही. मग टोकाकडून भिंत काळी पडते आणि भोक पडतं. म्हणजे 'दबत नाही' याचा अर्थ नळी आतून ताणलेली आहे. सर्जनला ती फुटायच्या आत काढायची असते. ती फुटली नव्हती, म्हणजे तो वेळेत पोचला. तुम्ही नेमका तोच पुरावा त्याच्याविरुद्ध वापरताय.

वणीचा_मामा
लेक्चर चांगलं हाय साहेब. दुखणं कमी झालं होतं त्याचं काय? अन् माया बिलाचं काय? भरती करायच्या आधी काउंटरवर पैसे मांगितले, योजनेचं कार्ड दाखवलं तर म्हणे इथं चालत नाही.

प्रोबवाला
बिलाच्या भांडणात मी तुमच्या बाजूनं आहे, पण तो वेगळा धागा काढा. दुखणं कमी कशानं झालं? संध्याकाळी गावात कोणी सुई दिली होती का?

वणीचा_मामा
हो, गावच्या डॉक्टरनं दिली होती. मंग?

प्रोबवाला
मग दुखणं सुईनं कमी झालं. सुई देण्यात त्यानं चूक केली नाही, पोराला तळमळत ठेवायचं कारण नाही. फक्त तिचा आराम म्हणजे अपेंडिक्सचा आराम नाही.

ओटी_सिस्टर_निवृत्त
सुई न देताही दुखणं कमी होतं आणि ते मी पाहिलंय. चार-पाच वर्षांची मुलगी होती. आधी बेंबीपाशी दुखत होतं, उलटी, मग उजवीकडे खाली. घरच्यांनी गॅस समजून ओवा दिला. दुसऱ्या रात्री एकदम शांत झोपली, सगळ्यांना वाटलं उतरलं. सकाळी ताप, पोट लाकडासारखं. फुटल्यावर आतला ताण गेला म्हणून काही तास बरं वाटलं होतं. पोट उघडलं तर पू यकृतापर्यंत. नळी ठेवावी लागली आणि पोरगी आठवडाभराहून जास्त भरती राहिली. मोठ्या माणसाच्या पोटात चरबीचा पडदा सुजेवर जाऊन बसतो, पू एका कोपऱ्यात अडतो. एवढ्याशा पोरीत तो पडदा पातळ आणि आखूड असतो, अडवणारं कोणी नाही. लहानांचं फुटतं लवकर, आणि म्हणून पसरतंही लवकर. मामा, तुमच्या भाच्याला सुट्टी कधी मिळाली?

वणीचा_मामा
तिसऱ्या दिवशी. पण मुद्दा तो नाही.

गोळीवाला_भाऊ
मी मेडिकल चालवतो, थोडं वाचतोही. मामाचं अगदीच चुकीचं नाही. आता बाहेरच्या देशांत अपेंडिक्स अँटिबायोटिकवरच बरं करतात, मुलांचंसुद्धा. आपल्याकडचे सर्जन हे सांगत नाहीत, कारण कापलं नाही तर काय मिळणार?

प्रोबवाला
अर्धं बरोबर. मुलांवर असे अभ्यास झालेत, आणि निवडून घेतलेल्या मुलांतही साधारण तिघांपैकी एकाला वर्षाच्या आत ऑपरेशन लागलंच. निवडून म्हणजे फुटलेलं नाही, पू साचलेला नाही आणि बहुतेक ठिकाणी आत खडाही नाही. आणि तिथंही पोराला घरी पाठवून गोळ्या देत नाहीत. भरती करून शिरेतून औषध, पोटावर सर्जनचा हात, बिघडलं तर त्याच रात्री टेबलावर. तुमच्या काउंटरवरून दिलेल्या पट्टीला अँटिबायोटिक उपचार म्हणू नका. मामा, रिपोर्टात खड्याबद्दल काही लिहिलंय का?

वणीचा_मामा
रिपोर्ट बहिणीकडं हाय. पाहून सांगतो.

अण्णा_अचलपूर
इतकं कशाला? आमच्याकडं बेंबी सरकली की म्हातारी तेल लावून दोन मिनिटांत बसवते. निम्म्या पोरांचं तिथंच थांबतं.

ओटी_सिस्टर_निवृत्त
निम्म्या पोरांचं काही न करताही थांबतं, अण्णा. उरलेल्यांचं सुजलेलं पोट चोळून आमच्याकडे आणलेलं मी पाहिलंय. त्यात कोणी एरंडेल पाजलेलं असेल तर विचारूच नका.

चामोर्शीची_आई
सगळे सर्जनची आरती करताय म्हणून लिहिते. माझ्या मुलाला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, एसएस, म्हणजे आईबाप दोघांकडून आलेला. वर्षातून कितीदा तरी पोट दुखतं, लोळतो. एकदा एका दवाखान्यात रक्त तपासून म्हणाले, पांढऱ्या पेशी खूप वाढल्यात, अपेंडिक्स आहे, उद्या सकाळी ऑपरेशन. मी ओरडले, आधी सोनोग्राफी करा. केली तर अपेंडिक्स चार मिमी आणि दाबल्यावर चपटं. सलाईन आणि दुखण्याच्या औषधावर उतरलं. मी ऐकलं असतं तर विनाकारण कापलं असतं. मग 'लगेच करा' म्हणणाऱ्यावर डोळे मिटून विश्वास कसा ठेवायचा?

अण्णा_अचलपूर
सिकलसेल आदिवासींचा आजार आहे, इथं त्याचा काय संबंध?

चामोर्शीची_आई
आम्ही आदिवासी नाही, अण्णा. आमच्या गावात चार समाजांत आहे, सिकलसेलची लाल-पिवळी कार्डं मोजायला या. अशा बोलण्यामुळेच लोक तपासणी करत नाहीत आणि लग्नं जुळवून मोकळे होतात.

अण्णा_अचलपूर
ताई, अंगावर कशाला येता? ऐकलं ते बोललो.

चामोर्शीची_आई
ऐकलं ते बोलायचं नसतं.

प्रोबवाला
ताई, तुमचं म्हणणं या धाग्यातलं सगळ्यात कामाचं आहे. सिकलसेलच्या झटक्यातही पांढऱ्या पेशी वाढतात, त्यामुळे रक्ताच्या रिपोर्टावर भरवसा ठेवता येत नाही. अशा वेळी चपटं झालेलं अपेंडिक्स पोराला टेबलापासून वाचवतं. विदर्भात कोणत्याही पोराच्या पोटदुखीत, भूल द्यायच्या आधी सिकलसेलची तपासणी झालीच पाहिजे असं माझं मत आहे.

पण उलटी बाजूही आहे. पोराला सिकलसेल आहे म्हणून दर वेळी झटकाच धरला की एखादं खरं अपेंडिक्स निसटतं. मी पोरालाच विचारतो, नेहमीसारखं दुखतंय का? ही पोरं आपलं दुखणं ओळखतात. 'नाही, हे वेगळं आहे' म्हटलं की मी जास्त वेळ प्रोब धरून बसतो. आणि खरंच निघालं तरी सिकलसेलच्या पोराला पळवत टेबलावर नेत नाहीत. सलाईन भरून घ्यायचं, अंग गरम ठेवायचं, ऑक्सिजन तयार, हिमोग्लोबिन कमी असेल तर बहुतेकदा रक्त चढवून दहाच्या आसपास आणायचं. त्यात काही तास जातात. ते जाऊ द्यावेत.

गोळीवाला_भाऊ
म्हणजे काही तास थांबता येतं! मग मामाच्या भाच्याला सकाळपर्यंत का नाही थांबवलं?

प्रोबवाला
आलात शेवटी मुद्द्यावर. भरती करून शिरेतून अँटिबायोटिक चालू असेल, सलाईन चालू असेल, तर सकाळपर्यंत थांबणं बहुतेक पोरांना चालतं. मोठ्या शहरात रात्री आलेलं पोरगं सकाळच्या यादीत घेतातही. घाई म्हणजे अर्ध्या तासात सुरी नव्हे. घाई म्हणजे उद्या पाहू, परवा पाहू असं घरी पाठवायचं नाही.

ओटी_सिस्टर_निवृत्त
शहरात रात्रभर बघायला निवासी डॉक्टर असतात. तालुक्यात भूलतज्ज्ञ जिल्ह्याहून येतो. तो शनिवारी रात्री हाताशी असेल आणि रविवारी नसेल, तर सर्जन काय करेल?

प्रोबवाला
मग त्यानं हे मामांना सांगायला हवं होतं. 'आजच करा' एवढंच म्हटलं की माणूस बिलाचाच विचार करणार.

वणीचा_मामा
हे बरोबर बोलले. मले कोणी काहीच सांगतलं नाही.

गोळीवाला_भाऊ
अजून एक. सोनोग्राफीत अपेंडिक्स दिसलंच नाही तर? आमच्याकडे असे रिपोर्ट बरेच येतात.

प्रोबवाला
'दिसलं नाही' म्हणजे 'ठीक आहे' नाही. ते मोठ्या आतड्याच्या मागं दडलेलं असतं, गॅस असतो, पोरगं जाड असतं. आणि फुटल्यावर कधीकधी ताण निघून ते दबायलाही लागतं, तेव्हा भोवतीचं पाणी आणि पांढरी चमकणारी चरबी पाहावी लागते. असा रिपोर्ट आला तर सर्जनचा हात पोटावर, आणि काही तासांनी पुन्हा हात, पुन्हा प्रोब. मी रात्री दोनदा सोनोग्राफी केलेली पोरं आहेत. पण आमच्या तालुक्यात माझ्यानंतर रात्री मशीन चालवणारा कोणी नाही, हेही लिहून ठेवतो.

अण्णा_अचलपूर
म्हणजे शेवटी शहरातच जायचं.

ओटी_सिस्टर_निवृत्त
उजवीकडे खाली दुखत असेल, चालताना पोरगं वाकत असेल, उडी मार म्हटलं तर मारत नसेल, तर १०८ला फोन करायचा. म्हातारीला नाही.

वणीचा_मामा
बहिणीनं रिपोर्टाचा फोटो पाठवला. लिहिलंय, आत ५ मिमीचा खडा, मागे सावली. आजूबाजूची चरबी सुजलेली.

प्रोबवाला
खडा होता म्हणजे गोळीवाल्या भाऊंचा उपाय तिथंच संपला.

गोळीवाला_भाऊ
संपला नाही. यश कमी मिळतं एवढंच.

वणीचा_मामा
ठीक हाय, सर्जनले सोडतो. काउंटरवाल्याले सोडत नाही. पावती कोणाकडं मांगायची तेवढं सांगा.