स्टोअरकडून डेटा मागताना खरी तारीख सांगावी का?

चाकणकर: कारखान्यात पर्यावरणाचं काम बघतो. प्रदूषण नियंत्रण मंडळाचा फॉर्म 5 30 सप्टेंबरपर्यंत भरायचाय. स्टोअरला मेल टाकला होता, 'मागच्या वर्षीचा कच्च्या मालाचा डेटा लवकरात लवकर द्या.' दहा दिवसांनी जानेवारी ते डिसेंबरची खरेदी आली, तीही रुपयांत! आता परत मागायचंय. साहेब म्हणतात, 10 तारीखच शेवटची सांग, तरच हलतील. सांगू का?

हडपसरी: खुशाल सांगा. वीस वर्षं हेच करतोय. खरी तारीख सांगितली की फाइल 29 ला संध्याकाळी येते, तीही अर्धी. वर त्यांच्या साहेबांना सीसी ठेवा.

सदाशिव पेठ: माहिती अधिकारात अर्ज टाका. 30 दिवसांत उत्तर द्यावंच लागतं.

चाकणकर: अहो काका, आमच्याच कंपनीचं स्टोअर आहे, शेजारच्या शेडमध्ये!

स्टोअरवाली: मी भोसरीत स्टोअर सांभाळते, म्हणून पलीकडच्या बाजूने सांगते. 10 तारीख खोटी होती हे आम्हाला कळतंच, आणि मग पुढच्या वर्षी तुमची खरी तारीखही आम्ही खोटीच धरतो. शिवाय महिन्याचा पहिला आठवडा आमचा क्लोजिंगचा. त्यात गणपती आले की निम्मी माणसं गावाला.

पण दादा, तुमचं काम तारखेमुळे अडलेलं नाही. 'मागच्या वर्षीचा डेटा' म्हटल्यावर समोरच्याने कॅलेंडरचं वर्ष घेतलं आणि हाताशी होती ती खरेदी दिली. त्याचं काय चुकलं? फॉर्मला एका नगामागे किती माल वापरला हे लागतं, तेही दोन आर्थिक वर्षांचं. सॅप असेल तर असं लिहा:

"फॉर्म 5 साठी पत्रा, रंग आणि थिनरचा प्रत्यक्ष वापर हवा आहे, खरेदी नको. एप्रिल ते मार्च, गेली दोन आर्थिक वर्षं वेगवेगळी. MB51 मधला 261, 262, 201 आणि 202 चा एक्सेल आहे तसा पाठवा, बेरीज मी करतो. पत्रा किलोत, रंग-थिनर लिटरमध्ये, रकमेची गरज नाही. 18 तारखेपर्यंत मिळाला तर ताळा करायला वेळ राहील. फॉर्म 30 ला जातो."

262 आणि 202 म्हणजे परत आलेला किंवा रद्द झालेला माल. तो वजा केला नाही तर वापर फुगतो. आणि पेंट शॉपच्या साफसफाईचं थिनर आमच्याकडे 201 वर जातं, फक्त 261 मागितलं तर ते सुटतं.

हडपसरी: एवढा लांब मेल वाचतं कोण, ताई?

स्टोअरवाली: मी वाचते. 'लवकरात लवकर'वाले मेल मात्र खाली सरकत जातात.

हडपसरी: तुम्ही वाचता हो. आमच्या स्टोअरवाल्याला 18 सांगितलं तर तो 25 धरतो.

स्टोअरवाली: मग 15 ला एक फोन करा आणि 'पत्र्याचा आकडा निघाला का?' एवढंच विचारा. अडलं असेल तर तेव्हाच कळेल. नगांचा आकडा मात्र आमच्याकडे मागू नका, तो प्रॉडक्शनकडून घ्या.

चाकणकर: मेल गेला, 18 चीच तारीख घातली. साहेबांनी तरी सीसी टाकायला लावलाच.

हडपसरी: 19 ला कळवा काय झालं ते.