‘राज्यात रेड अलर्ट’ म्हणजे नेमका कुठे आणि कधीपर्यंत?

तिखटजाळ: मराठी बातम्यांच्या ॲपला नावं ठेवणाऱ्यांनो, नोटिफिकेशनचा त्रास होतो तर बंद करा. फुकट वाचायचं, वर मथळा सौम्य हवा, खाली स्रोतही हवा! मथळा चढा नसेल तर तुम्हीच बातमी उघडणार नाही.

जुना_उपसंपादक: बंद केलं की दरड कोसळल्याची बातमीही बंद होते. मी डेस्कवर काम केलंय, म्हणून एकच मथळा घेतो: ‘राज्यात रेड अलर्ट! पुढचे २४ तास धोक्याचे’. हवामान विभागाचा मूळ इशारा जिल्हावार असतो आणि पुणे, सातारा, कोल्हापूरसारख्या जिल्ह्यांत घाटमाथ्याचा रंग वेगळा दिलेला असतो. समजा, त्या दिवशी लाल रंग फक्त पुण्याच्या घाटमाथ्याला आहे आणि शहराला पिवळा. मथळ्यात मात्र ‘राज्यात’. आता वेळ बघा. पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ मोजतात, त्यामुळे दुपारी दिलेला पहिल्या दिवसाचा इशारा दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपतो. तोच रात्री दहाला ‘पुढचे २४ तास’ म्हणून ढकलला की वाचक इशारा संपल्यावरही दिवसभर धास्तावलेला राहतो. त्याऐवजी ‘पुणे घाटमाथा: उद्या सकाळी साडेआठपर्यंत रेड अलर्ट, हवामान विभागाचा दुपारचा इशारा’ असं लिहा. एका नोटिफिकेशनमध्ये मावतं, आणि घाटात राहणारा माणूस ते उघडणारच.

दोन_मुलांची_आई: आमच्याकडे रात्री आलं, ‘उद्या शाळांना सुट्टी?’ जिल्हा कोणता, पत्ता नाही. उघडलं तर आदेश शेजारच्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांचा. तोवर शाळेच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट फिरला आणि सकाळी रिक्षावाले काका आलेच नाहीत. प्रश्नचिन्ह टाकलं की जबाबदारी संपते का?

तिखटजाळ: ताई, शाळेला फोन करायचा होता. बातमी फॉरवर्ड केली ती तुमच्या ग्रुपने.

दोन_मुलांची_आई: रात्री साडेअकराला शाळेत फोन कोण उचलतं, तेही सांगा.

खटपट्या: एवढं भांडायला नको. ॲन्ड्रॉइड ८ पासून प्रत्येक ॲपच्या नोटिफिकेशनचे वेगवेगळे प्रकार ठेवायची सोय आहे. सेटिंगमध्ये जाऊन फक्त ‘ब्रेकिंग’ चालू ठेवा, मनोरंजन बंद करा.

जुना_उपसंपादक: अर्धं बरोबर. ते प्रकार ॲप बनवणाऱ्याने पाडायचे असतात. सेटिंगमध्ये एकच ‘जनरल’ दिसलं तर तुमच्या हातात काही नाही. आणि प्रकार असूनही नटीच्या लग्नाची बातमी ‘ब्रेकिंग’मधूनच येत असेल, तर दोष डेस्कवर बटण दाबणाऱ्याचा.

तालुका_वार्ताहर: सगळे स्रोत मागताय. तो स्रोत म्हणजे आम्ही. पुलावर पाणी चढलं की रात्री दोनला मोटारसायकल काढून जाणारा मी, आणि ॲपवर छापतात ‘सूत्रांची माहिती’. माझं नाव नाही, गावाचं नावही कधी चुकीचं. मानधन बातमीमागे मिळतं, तेही उशिरा, आणि दिवाळी अंकाच्या जाहिरातींचं टार्गेट डोक्यावर.

तिखटजाळ: म्हणजे ज्या पुढाऱ्याकडून शुभेच्छांची जाहिरात घ्यायची, त्याच्याच ठेकेदाराच्या पुलाची बातमी तुम्ही देणार? हे आधी सांगा, मग स्रोतावर बोला.

तालुका_वार्ताहर: दिली आहे. जाहिरात गेली, वर ऑफिसचं बोलणं खाल्लं. घरात बसून लायकी काढू नका.

तिखटजाळ: तुमची लायकी नाही काढली, पद्धत विचारली. मागणी नेहमी वाचकांचीच का?

दोन_मुलांची_आई: कारण पद्धत आम्हाला दिसतच नाही! बातमीखाली ‘प्रतिनिधी, अमुक तालुका, प्रत्यक्ष पाहणी’ एवढं लिहिलं असतं, तर या दादांवर मी त्या प्रश्नचिन्हापेक्षा जास्त विश्वास ठेवला असता.

खटपट्या: मग सरळ नियम करा, नाव नसेल तर बातमी नाही.

जुना_उपसंपादक: तसं केलं तर तहसील कार्यालयातला कारकून पंचनाम्यातला घोळ सांगणारच नाही, त्याची बदली होईल. नाव झाका, पण त्याला माहिती कशी कळली ते सांगा: ‘पंचनाम्याला हजर असलेल्या कर्मचाऱ्याने सांगितले’. मात्र गावात हजर दोघेच असतील तर तेवढ्यानेही तो ओळखला जातो. तिथे कागद हातात येईपर्यंत थांबावं लागतं आणि तोवर दुसरं ॲप पुढे जातं. यावर उपाय मला डेस्कवर असतानाही सापडला नव्हता.

तिखटजाळ: ठिकाण आणि वेळ मथळ्यात हवी, एवढं मान्य. पण थांबलेल्या ॲपकडे तुम्ही वाचक थांबता का? नाही थांबत.

दोन_मुलांची_आई: पावसाच्या बातमीसाठी मी थांबेन. तसं ॲप सापडलं तर वर्गणीही देईन.

तालुका_वार्ताहर: त्या वर्गणीतलं तालुक्यापर्यंत किती येणार, तेही ॲपवर लिहा म्हणावं.